नफा ४२० वरून ३९९ वर का आला? वॉटरफॉल चार्टची शेवटची पट्टी हवेत तरंगतेय

निशिगंधा

नमस्कार मंडळी. एक्सेलमध्ये वॉटरफॉल चार्ट करायला घेतला आणि दोन दिवस त्यातच अडकलेय. आमचं छोटं युनिट आहे, एकच वस्तू बनते. यंदा विक्री साडेपंधरा टक्क्यांनी वाढली आणि तरी नफा घटला. गुरुवारच्या बैठकीत मालक पहिला प्रश्न हाच विचारणार, की एवढा माल गेला, मग पैसा गेला कुठे? ते एका चित्रात दाखवायचंय.

आकडे हजारांत देते. विक्री २,४०० होती, ती २,७७२ झाली. कच्चा माल १,२०० वरून १,५१८, मजुरी ३८० वरून ४२५ आणि इतर खर्च ४०० वरून ४३०. नफा ४२० होता, तो ३९९ उरला.

एका कॉलममध्ये नावं लिहिली आणि शेजारच्या कॉलममध्ये आकडे. सगळ्यात वर गेल्या वर्षीचा नफा ४२०, मग यंदाच्या आकड्यातून गेल्या वर्षीचा वजा करून आलेले फरक ३७२, ३१८, ४५, ३० आणि तळाला यंदाचा नफा ३९९. सगळं सिलेक्ट करून Insert मधून Waterfall घेतला. तर सगळ्या पट्ट्या जिन्यासारख्या वर वर चढत गेल्या आणि शेवटची पट्टी थेट हवेत, १,१८५ पासून १,५८४ पर्यंत. नफा घटलेला दाखवायचा होता, चित्र पाहून वाटतं चौपट झाला. कुठे चुकतंय?

सरळरेष

शेवटची पट्टी ही बेरीज आहे हे एक्सेलला कळत नाही, तुम्ही सांगावं लागतं. त्या पट्टीवर राइट क्लिक करा आणि Set as Total निवडा. ती शून्यापासून सुरू होईल, प्रश्न मिटला.

आणखी एक करा. उभ्या अक्षाची सुरुवात ० ऐवजी ३५० वर ठेवा. मजुरी आणि इतर खर्चाच्या पट्ट्या बारीक आहेत, त्या मोठ्या होऊन नीट दिसतील.

निशिगंधा

धन्यवाद. राइट क्लिकवर आधी तो पर्यायच नीट मिळेना. मग लक्षात आलं, एका क्लिकमध्ये सगळ्या पट्ट्या निवडल्या जातात. जरा थांबून त्याच पट्टीवर दुसरा क्लिक केला, ती एकटी निवडली गेली आणि मग जमलं. शेवटची पट्टी आता जमिनीला टेकलीय. पण मधल्या चारही अजून वरच चढताहेत. मजुरी वाढली तर पट्टी खाली यायला हवी ना?

पारवा

एवढा खटाटोप कशाला करताय? साधा कॉलम चार्ट घ्या. विक्री, कच्चा माल, मजुरी, इतर, नफा अशा पाच जोड्या, प्रत्येकीत गेलं वर्ष आणि यंदाचं वर्ष शेजारी शेजारी. कुणालाही कळतं. आमच्याकडे महिन्याचा नफा मी असाच दाखवतो, बारा महिन्यांच्या बारा जोड्या.

निशिगंधा

पारवा, तो चार्ट गेल्या खेपेला दाखवला होता. नफा कमी झाला हे त्यातून कळतं, पण कशाने किती कमी झाला ते बघणाऱ्याला मनातल्या मनात वजाबाकी करून काढावं लागतं. आणि विक्रीची पट्टी २,७७२ ची असली की ४२० आणि ३९९ मधला फरक डोळ्यांना दिसतच नाही.

वहीखाते

निशिगंधाताई, चूक चिन्हाची आहे. तुम्ही सगळीकडे 'यंदा वजा गेलं वर्ष' केलंत. विक्रीला ते बरोबर आहे, पण खर्चाला उलटं हवं. या चार्टमध्ये आकडा त्या खात्यातला फरक नसतो, त्या खात्यामुळे *नफ्यात* पडलेला फरक असतो. मजुरी ४५ ने वाढली म्हणजे नफा ४५ ने घटला, म्हणून सेलमध्ये -45 हवं. खर्चाच्या तिन्ही ओळी उणे करा, पट्ट्या आपोआप उतरतील: ४२०, अधिक ३७२, मग वजा ३१८, ४५ आणि ३०, बरोबर ३९९.

ही चूक पुन्हा कुठे शिरली तर ती पकडायला चार्टकडे पाहू नका, शीटमध्येच एक तपासणीचा सेल ठेवा. पहिला नफा B2 मध्ये, फरक B3 ते B6 मध्ये आणि शेवटचा नफा B7 मध्ये असेल तर:

```
=ROUND(SUM(B2:B6)-B7,2)
```

इथे शून्य यायलाच हवं. B7 मात्र वरच्या ओळींची बेरीज करून काढू नका, तो नफा-तोटा पत्रकातून स्वतंत्र आणा. बेरजेने काढलात तर तपासणी कायम शून्यच दाखवेल आणि काहीच पकडणार नाही.

पहिली पट्टीसुद्धा Set as Total करा. ती तशीही शून्यापासूनच निघते, पण सांगितलं नाही तर तिला वाढीचा रंग लागतो आणि गेल्या वर्षीचा अख्खा नफा यंदाची कमाई असल्यासारखा दिसतो. रंग बदलायचे तर लेजंडमध्ये Increase या शब्दावर स्वतंत्र क्लिक करून भरा, म्हणजे सगळ्या चढत्या पट्ट्या एकदम बदलतात. एकेक पट्टी रंगवत बसायची गरज नाही.

सरळरेष, तुमचा पहिला सल्ला बरोबर. दुसरा मात्र इथे घात करेल. अक्ष ३५० पासून सुरू केला तर ४२० ची पट्टी ७० उंचीची दिसेल आणि ३९९ ची ४९ ची. डोळा म्हणेल नफा तीस टक्क्यांनी पडला. खरी घट ४२० वर २१ ची, म्हणजे पाच टक्के.

सरळरेष

मान्य, पण अर्धंच. मधल्या तरंगत्या पट्ट्यांना अक्ष कापल्याने काही होत नाही. ४५ ची पट्टी ३० च्या दीडपटच दिसते, अक्ष कुठूनही सुरू करा. बिघडतात त्या फक्त दोन टोकांच्या. आमच्याकडे नफा दहा हजारांच्या घरात आणि फरक शंभर-दोनशेचे असतात. तिथे अक्ष शून्यापासून धरला तर मधलं सगळं रेघांसारखं दिसतं.

वहीखाते

तरंगत्या पट्ट्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. तुमच्यासारख्या आकड्यांत मीही अक्ष कापतो, पण टोकांच्या पट्ट्या फिक्या करड्या ठेवतो आणि अक्ष कुठून सुरू होतो ते शीर्षकाखाली लिहितो. इथे गरज नाही. अक्ष ० ते ८०० ठेवला तरी ३० ची पट्टी स्पष्ट दिसते.

आता खरी अडचण. ताई, चार्ट तांत्रिकदृष्ट्या बरोबर झाला तरी मालकांच्या प्रश्नाचं उत्तर त्यात नाही. तुमची सर्वांत मोठी चढती पट्टी 'विक्री +३७२' आणि सर्वांत मोठी उतरती 'कच्चा माल -३१८'. पण माल जास्त विकला म्हणून कच्चा माल जास्त लागला, त्यात बातमी काही नाही. या दोन मोठ्या पट्ट्या बऱ्याच अंशी एकमेकींचीच सावली आहेत. नग किती विकले आणि दर काय होता, हे मिळेल का?

निशिगंधा

चिन्हं बदलली, तपासणीचा सेल शून्य दाखवतोय. खूप धन्यवाद!

नग गेल्या वर्षी १२,०००, यंदा १३,२००. विक्रीचा दर नगामागे २०० होता, तो २१० केला. कच्चा माल नगामागे १०० पडायचा, यंदा ११५.

वहीखाते

मग गोष्ट सगळी यातच आहे. विक्री आणि कच्चा माल या दोन पट्ट्या काढून टाका आणि त्यांच्या जागी तीन घाला.

पहिली, जास्त नग विकल्याने मिळालेलं. १,२०० नग जास्त गेले आणि गेल्या वर्षीच्या हिशेबाने प्रत्येक नगामागे २०० वजा १००, म्हणजे १०० सुटत होते. एकूण १२० हजार.

दुसरी, दर वाढवल्याने मिळालेलं. नगामागे १०, यंदाच्या १३,२०० नगांवर, म्हणजे १३२ हजार.

तिसरी, कच्चा माल महाग पडल्याने गेलेलं. नगामागे १५, त्याच १३,२०० नगांवर, म्हणजे वजा १९८ हजार.

वेगळ्या शीटवर B मध्ये गेलं वर्ष, C मध्ये यंदा, दुसऱ्या ओळीत नग, तिसऱ्या ओळीत विक्रीदर आणि चौथ्या ओळीत नगामागचा कच्चा माल ठेवा:

```
=(C2-B2)*(B3-B4)/1000
=(C3-B3)*C2/1000
=-(C4-B4)*C2/1000
```

१२० अधिक १३२ वजा १९८ म्हणजे ५४. तुमच्या जुन्या पट्ट्यांत ३७२ वजा ३१८, तेही ५४. मजुरी आणि इतर खर्च आहेत तसे. नवा जिना असा होईल: ४२० वरून ५४०, मग ६७२, तिथून खाली ४७४, ४२९ आणि शेवटी ३९९.

आता चित्र बोलतं. ६७२ पर्यंत चढलेला नफा एकाच पट्टीने ४७४ वर आणला. दरवाढीने १३२ आले आणि कच्च्या मालाने १९८ नेले, म्हणजे दर १० ने वाढवला तेव्हा १५ ने वाढवायला हवा होता, एवढं तरी बैठकीत मांडता येईल. '+३७२' वाल्या चार्टमधून हे कुणालाच दिसलं नसतं.

तेरीज

वहीखाते, पद्धत नेहमीचीच आहे, पण एक हरकत नोंदवते. नगांचा परिणाम तुम्ही जुन्या फरकाने मोजलात आणि दरांचा परिणाम नव्या नगांवर. उलटंही करता येतं. दरवाढ जुन्या १२,००० नगांवर धरली तर ती १२०, कच्चा माल वजा १८० आणि नगांचा परिणाम नव्या फरकाने, म्हणजे २१० वजा ११५, नगामागे ९५, म्हणून ११४. बेरीज तीच ५४, पण तिन्ही पट्ट्यांची उंची बदलली. उद्या विक्री विभागाचा माणूस म्हणेल, आमचे १२० होते ते ११४ का केले?

मधले ६ हजार म्हणजे १,२०० जादा नग गुणिले नगामागे घटलेले ५. नग आणि दर दोन्ही एकदम बदलले म्हणून ते जन्माला आलेत, ते ना यांचे ना त्यांचे. मी ते 'एकत्रित परिणाम' म्हणून वेगळ्या पट्टीत दाखवते: १२०, १२०, वजा १८०, वजा ६.

वहीखाते

हिशेब तुमचा चोख आहे. फक्त वेगळी पट्टी मला पटत नाही. -६ ची पट्टी काय आहे हे बैठकीत समजावताना पाच मिनिटं जातात आणि ती पाच मिनिटं -१९८ वर खर्च व्हायला हवीत. मी एक पद्धत धरतो, ती चार्टखाली एका ओळीत लिहितो आणि दरवर्षी तीच ठेवतो. एक वर्ष अशी आणि पुढच्या वर्षी तशी मोजणी झाली, तर दोन चार्ट शेजारी ठेवण्यात अर्थ उरत नाही.

तेरीज

पद्धत न बदलण्याबद्दल एकमत. बाकी मी माझी पट्टी सोडणार नाही. इथे ६ आहेत म्हणून किरकोळ वाटतात. नग दुप्पट झालेल्या वर्षात हीच पट्टी मजुरीपेक्षा मोठी निघालेली मी पाहिलीय, आणि तेव्हा ती कुणाच्या तरी नावावर गुपचूप घालणं मला योग्य वाटलं नाही.

रानवारा

माझाही प्रश्न इथेच विचारतो. आमच्याकडे एक्सेल २०१३ आहे, त्यात Waterfall नाहीच. म्हणून मी स्टॅक्ड कॉलमने करतो: खाली न दिसणारा आधार, त्यावर रंगीत पट्टी. आधाराला मागची आणि आताची बेरीज यांतली लहान ती. इतकी वर्षं चाललं. यंदा ६० चा नफा होता आणि एका मोठ्या दुरुस्तीचे ९० गेले, म्हणजे ३० तोटा. पट्टी ६० वरून उणे ३० पर्यंत यायला हवी, ती ० ते ९० दिसतेय. फॉर्म्युला तीनदा तपासला.

वहीखाते

फॉर्म्युला बरोबरच आहे, स्टॅक्ड कॉलमच तसा वागतो. तो उणे आकडे शून्याखाली रचतो आणि अधिक आकडे शून्यावर. तुमचा आधार आला उणे ३०, तो खाली लपला, आणि ९० ची पट्टी त्याच्यावर बसण्याऐवजी शून्यावर बसली. पट्टी शून्यरेषा ओलांडते तिथे तिचे वरचा आणि खालचा असे दोन तुकडे वेगळ्या कॉलममध्ये करावे लागतात. करता येतं, पण फॉर्म्युले लांबलचक होतात आणि पुढच्या माणसाला उलगडत नाहीत.

त्यापेक्षा लाइन चार्ट घ्या. दोन कॉलम करा: 'सुरुवात' आणि 'शेवट'. प्रत्येक फरकासाठी सुरुवात म्हणजे मागची बेरीज, शेवट म्हणजे आताची. तुमच्या दुरुस्तीच्या ओळीत 60 आणि -30. दोघांची लाइन काढा आणि Add Chart Element मधून Up/Down Bars लावा. पट्टी एका आकड्यापासून दुसऱ्यापर्यंत थेट जाते, शून्य मध्ये आलं तरी तिला फरक पडत नाही. मग दोन्ही लाइनींना No line द्या. 'सुरुवात' ही मालिका आधी आणि 'शेवट' नंतर हवी, क्रम उलटला की चढ उतार होतात आणि उतार चढ.

एक मर्यादा आहे. सगळ्या Up Bars ना एकच रंग लागतो, एखादीच वेगळी रंगवता येत नाही. म्हणून टोकांच्या दोन नफ्यांसाठी तिसरी मालिका घाला, तिचा प्रकार Clustered Column ठेवा आणि त्या दोन ओळींत 'सुरुवात' आणि 'शेवट' रिकामे सोडा. दोन्हींची Gap Width वेगळीवेगळी असते, ती सारखी केली नाहीत तर टोकांच्या पट्ट्या जाड आणि मधल्या बारीक दिसतील.

रानवारा

जमलं! दुरुस्तीची पट्टी शून्यरेषा छेदून खाली गेलीय. त्या Gap Width शिवाय खरंच विचित्र दिसत होतं. मग मी २०१६ चं एक्सेल घेतलं तर हे सगळं आपोआप होईल का?

वहीखाते

शून्याखाली जाणारी पट्टी त्यातला Waterfall नीट काढतो, हो. पण दोन गोष्टी पाहून ठरवा. त्या चार्टला दुसऱ्या प्रकाराची जोड देता येत नाही, वरून अंदाजपत्रकाची रेषा काढायची म्हटलं तर नाही. आणि तुमची फाइल ज्यांच्याकडे जाते त्यांच्याकडे २०१३ असेल तर त्यांना चार्टच्या जागी रिकामी चौकट आणि हा चार्ट या आवृत्तीत उपलब्ध नाही असा मजकूर दिसतो. निशिगंधाताई, तुम्हीही फाइल पुढे पाठवणार असाल तर चार्टचं चित्र करून पाठवा.

निशिगंधा

नवा चार्ट झाला. ४२०, जास्त नग +१२०, दरवाढ +१३२, कच्चा माल -१९८, मजुरी -४५, इतर -३०, ३९९. एकत्रित परिणामाची वेगळी पट्टी तूर्त ठेवली नाहीये. चार्टखाली लिहिलंय, 'दरातले बदल यंदाच्या नगांवर मोजले आहेत.' तेरीज, तुमचा मुद्दा डोक्यात आहे, कुणी विचारलं तर ते ६ कुठे गेले हे आता मला सांगता येईल.

पण चार्ट आमच्या उत्पादन विभागाच्या साहेबांना आधी दाखवला आणि त्यांनी एका मिनिटात विचारलं, कच्चा माल नगामागे १०० चा ११५ झाला, तो भाव वाढला म्हणून की आपण माल जास्त वाया घालवला म्हणून? माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी ११५ हा आकडा एकूण खर्चाला नगांनी भागून काढलाय.

तेरीज

फार योग्य प्रश्न विचारला त्यांनी. -१९८ ही एक पट्टी नाही, दोन आहेत: खरेदीचा भाव आणि नगामागे लागलेला माल. पहिलीला खरेदी विभाग उत्तर देईल, दुसरीला ते साहेब स्वतः. दोन्ही वर्षांत किती किलो माल *वापरला गेला* ते हवं. खरेदीची बिलं बेरजून ते मिळणार नाही, कारण वर्षअखेर गोदामात पडून असलेला माल त्यात येतो.

वहीखाते

सुरुवातीचा साठा अधिक खरेदी वजा अखेरचा साठा, किलोमध्ये. त्याला नगांनी भागा. दोन्ही वर्षांचं नगामागचं वजन सारखं आलं तर सगळे १९८ भावाचे. वजन वाढलेलं दिसलं तर वाढीव किलो गुणिले जुना भाव गुणिले यंदाचे नग, ही वापराची पट्टी, उरलेलं भावाचं. वर्षअखेरीचा साठा प्रत्यक्ष मोजला होता की वहीवरून घेतला, तेही विचारा. साठाच अंदाजाने लिहिला असेल तर त्यावरून काढलेली वापराची पट्टी मी तरी बैठकीत दाखवणार नाही.

निशिगंधा

यंदाचा मोजलाय, मी स्वतः हजर होते. गेल्या वर्षीचा बहुतेक वहीवरूनच घेतलाय. उद्या गोदामातलं रजिस्टर काढून बघते. तोवर -१९८ एकाच पट्टीत ठेवते आणि तिचं नाव 'कच्चा माल महागला' असं होतं ते बदलून 'नगामागे कच्च्या मालाचा खर्च वाढला' असं करते. काय निघतं ते इथे लिहीन.